पोस्टर आलंय, सोबत निरोप : "छापायच्या आधी एकदा बघून घ्या". नेमकं काय काय बघायचं?

वाचनालयाचा_गडी
मंडळी, तातडीची मदत हवी आहे. आमच्या गावच्या वाचनालयाचा २७ फेब्रुवारीला कार्यक्रम आहे. डिझायनरने आत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टरचं चित्र पाठवलंय आणि खाली नेहमीचं वाक्य, "चेक करून ओके सांगा, मग प्रिंटला टाकतो." ए-थ्री आकाराची ५० पोस्टरं आणि फाटकावर लावायला सहा बाय चारचा एक फ्लेक्स असा बेत आहे. उद्या संध्याकाळपर्यंत ओके द्यायचं आहे.

समितीत सात जण आहेत. सहा जणांनी अंगठा दाखवला, एकाने हात जोडले. कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. चित्र जोडलंय, मजकूरही इथे उतरवून देतो. नावं काढून टाकली आहेत.

मराठी राजभाषा गौरव दिन
निमीत्त
कवीसंमेलन आणी पारितोषिक वितरण
अध्यक्षा : जेष्ठ कवियत्री (नाव)
प्रमुख पाहुणे : (नाव)
दीपप्रज्ज्वलन : मान्यवरांच्या शुभहस्ते
दुसर्या सत्रात : शालेय निबंध स्पर्धेचे पारितोषिक वितरण
गुरुवार, दि. २७ फेब्रुवारी २०२६, सायं. ५.३० वा.
स्थळ : वाचनालय सभागृह, पहिला मजला
आपली उपस्थिती प्रार्थनीय
विनित : कार्यकारी मंडळ
(संपर्क क्रमांक आणि क्यूआर कोड)

चुका दाखवाच, पण त्याहून जास्त मला हे हवंय की असं चित्र आलं की तुम्ही कुठून सुरुवात करता?

पिंट्या_१९
फ्लेक्सचा दर काय लावला स्क्वेअर फुटाला?

शुद्धलेखन_सैनिक
अरे देवा, भाषेच्या दिवसाचं पोस्टर आणि ही अवस्था! घ्या यादी: निमीत्त नव्हे निमित्त. आणी नव्हे आणि. जेष्ठ नव्हे ज्येष्ठ. कवियत्री नव्हे कवयित्री. विनित नव्हे विनीत. 'दुसर्या'वर तर रफार दिलाय, तिथे 'दुसऱ्या' हवं. कवीसंमेलन आणि दीपप्रज्ज्वलन मात्र बरोबर आहेत. कवी दीर्घ आहे आणि उज्ज्वलमध्ये जसे दोन ज असतात तसेच प्रज्ज्वलनमध्ये.

खिळेजुळारी
सैनिकराव, यादीतल्या दुरुस्त्या सगळ्या योग्य आहेत, पण ज्या दोन शब्दांना तुम्ही पास केलंत तेच दोन नापास आहेत. 'कवी' एकटा आला तर दीर्घ. समासात पहिलं पद झाला की ऱ्हस्व होतो, म्हणून कविसंमेलन, कविवर्य. गुरू पण गुरुदक्षिणा, तसंच. आणि उज्ज्वलमध्ये दोन ज येतात ते उत् अधिक ज्वल अशी संधी होते म्हणून. इथे मागे 'प्र' आहे, तिथून दुसरा ज येणार कुठून? दीपप्रज्वलन.

आता धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे. मी छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली आणि नंतर डीटीपीवर आलो, त्यामुळे मुद्रितं तपासण्यातच आयुष्य गेलं. माझा क्रम उलटा असतो. शुद्धलेखन मी शेवटी बघतो. आधी वार आणि तारीख, वेळ, जागा, फोन, माणसांची नावं. 'आणी' छापलं तर चार जण हसतील. वार चुकला तर चार जण येणारच नाहीत.

तुमचा वार चुकलाय. २७ फेब्रुवारी २०२६ ला शुक्रवार आहे, कॅलेंडर काढून बघा. आणि ही चूक साधी नाही. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, २७ फेब्रुवारीला गुरुवार होता. याचा अर्थ डिझायनरने गेल्या वर्षीची फाइल उघडून तिच्यातच बदल केलेत. साल बदललं, वार तसाच राहिला. तेव्हा आता पोस्टरवरची प्रत्येक गोष्ट 'ही गेल्या वर्षीची तर नाही ना' या संशयाने बघा. फोटो, फोन नंबर, सभागृह, खालच्या कोपऱ्यातले देणगीदारांचे लोगो, सगळं. आणि तो क्यूआर कोड फोन लावून उघडून बघा.

वाचनालयाचा_गडी
काका, थक्क झालो. क्यूआर स्कॅन केला तर गेल्या वर्षीच्या निबंध स्पर्धेचा फॉर्म उघडला, "हा फॉर्म आता प्रतिसाद स्वीकारत नाही" असं सांगणारा. गेल्या वर्षी पोस्टर याच मुलाने केलं होतं.

नलूमावशी
आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाच्या पत्रिकेवर सचिवांचं नाव जुनंच राहिलं होतं. ते गृहस्थ घर विकून नाशिकला गेले होते. तरी तीन बायका त्यांच्या बायकोला फोन करून वाण काय लुटणार विचारत होत्या. 😄

मोडीवाचक
एक मुद्दा कुणीच काढला नाही. शीर्षकच चुकलंय. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, तो 'मराठी भाषा गौरव दिन'. 'मराठी राजभाषा दिन' वेगळा, तो १ मे. पोस्टरवर दोन्हींची खिचडी झालीय. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की कमानींवरसुद्धा दिसते. शुद्धलेखन तपासणाऱ्याला ती सापडत नाही, कारण 'राजभाषा' हा शब्द शुद्धच लिहिलेला असतो.

शुद्धलेखन_सैनिक
कविसंमेलन मान्य. प्रज्वलन… शब्दकोश उघडून बघितला. मान्य. मोडीवाचकांनाही +१.

फ्लेक्सदादा
मी दुसऱ्या बाजूचा माणूस, म्हणजे डिझाइन करून देणारा. गडीभाऊ, तुम्ही मजकूर उतरवताना शीर्षकात 'दिन' लिहिलंय. चित्र मोठं करून परत बघा. तिथे 'दिन' नाहीये, 'दनि' आहे. वेलांटी द ऐवजी न वर पडलीय.

वाचनालयाचा_गडी
🤦 सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे आणि मला दिसलंच नाही! शंभरदा बघितलंय ते चित्र.

खिळेजुळारी
सगळ्यात मोठी अक्षरंच सुटतात. लोक बारीक मजकूर डोळे ताणून वाचतात आणि मथळा फक्त बघतात. तुम्ही मजकूर टाइप केलात तेव्हा डोळ्यांना जे दिसायला हवं होतं ते बोटांनी लिहिलं, चित्रात जे आहे ते नाही. म्हणून मुद्रित तपासताना एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने पोस्टरवर बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवायचं, अशी छापखान्यातली जुनी रीत आहे. एकट्याने तेच ते वाचून काही हाती लागत नाही.

फ्लेक्सदादा
'दनि' का होतं ते सांगतो, म्हणजे डिझायनरला शिव्या कमी पडतील. युनिकोडमध्ये वेलांटी साठवताना अक्षराच्या नंतर येते: द, मग वेलांटी, मग न. पडद्यावर ती उचलून द च्या आधी नेऊन ठेवायचं काम सॉफ्टवेअरचं. फोटोशॉपमध्ये मजकुराचं सेटिंग इंग्रजीसाठीचं राहिलं तर ते काम होत नाही. वेलांटी जिथल्या तिथे राहते आणि पुढच्या अक्षराची वाटते. मजा म्हणजे 'मराठी', 'राजभाषा', 'गौरव' या शब्दांना काहीच होत नाही, कारण दुसरी वेलांटी, काना, मात्रा सगळे अक्षराच्या नंतर किंवा वरच बसतात. म्हणून चार शब्दांच्या मथळ्यात फक्त एक शब्द मोडतो आणि नजरेतून निसटतो. परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये World-Ready असं नाव असलेला पर्याय आहे, तो निवडला की अक्षरं जागेवर येतात. जोडाक्षरंही त्याच सेटिंगपायी फुटतात. 'कार्यक्रम'चा रफार उतरून 'कार्‌यक्‌रम' असं पाय मोडलेलं दिसतं.

तुमच्या पोस्टरवर मथळा फोटोशॉपमध्ये सोनेरी करून आणलाय आणि बाकीचा मजकूर कोरलमध्ये बसवलाय, असा माझा अंदाज. म्हणून मथळ्याचा आजार वेगळा आणि खालच्या मजकुराचा वेगळा.

वाचनालयाचा_गडी
दादा, मग 'दुसर्या'चं काय? तो खालचा भाग मी स्वतः टाइप करून पाठवला होता. माझ्या मेसेजमध्ये 'दुसऱ्या' बरोबर आहे, आत्ताच बघितलं. वरचा भाग आमच्या सचिवांनी कागदावर लिहून दिला होता.

फ्लेक्सदादा
तुमचा मेसेज युनिकोडमध्ये. आमच्यापैकी बरेच जण अजून श्री-लिपीसारखे जुने फाँट वापरतात, कारण त्यात वळणदार मराठी अक्षरं भरपूर आहेत. तुमचा मजकूर त्या फाँटात आणायला कन्व्हर्टरमधून काढावा लागतो आणि काही कन्व्हर्टरना 'ऱ्या' ओळखता येत नाही, ते सरळ रफार देऊन मोकळे होतात. कधी अवतरणचिन्हं जातात, कधी डॅशच्या जागी भलतंच अक्षर येतं. म्हणजे तुम्ही बरोबर पाठवलं, मी एक अक्षरही टाइप केलं नाही, तरी चूक झाली. वरचा भाग मात्र कागद बघून कुणीतरी टाइप केलाय, तिथल्या चुका माणसाच्या आहेत.

मोडीवाचक
दुसर्या निदान अर्थ बदलत नाही. एखाद्या सत्कार समारंभात 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांची अदलाबदल झाली तर शाल श्रीफळ स्वयंपाकघरात जाईल.

नलूमावशी
जाऊ दे की, त्यांचाही कधी सत्कार व्हावा!

रोखठोक_राव
एक विचारू का? एवढा खल कशाला? लोक पोस्टरवर तारीख, वेळ, ठिकाण बघतात. 'विनित' आहे की 'विनीत' हे बघणारे गावात पाच जण असतील. डिझायनर पोराला शे-दोनशे रुपये मिळतात आणि त्याच्याकडून व्याकरणाची अपेक्षा. बोलीभाषेचा अभिमान असेल तर ही ऱ्हस्व-दीर्घाची पोलीसगिरी बंद करा.

शुद्धलेखन_सैनिक
त्या पाच जणांतलीच एक कवयित्री तुमच्या कार्यक्रमाची अध्यक्षा आहे, आणि पोस्टरवर तिच्या नावाआधी 'जेष्ठ कवियत्री' लिहिलंय. तिला पोस्टर पाठवायचं धाडस आहे का?

खिळेजुळारी
रोखठोकरावांचं अर्धं पटतं. डिझायनरकडून व्याकरणाची अपेक्षा ठेवूच नये. शुद्ध मजकूर देणं हे देणाऱ्याचं काम, दिलेला मजकूर जसाच्या तसा बसवणं त्याचं. म्हणून कागदावर लिहून दिलेला किंवा फोनवर सांगितलेला मजकूर कधी देऊ नये. टाइप केलेला एकच मेसेज द्यावा, तोच पुढे मूळ प्रत म्हणून वापरता येतो. बोलीबद्दल मात्र तुमची गल्लत होतेय. 'विनित' ही कुठली बोली?

टोरांटोकर
आमच्याकडे महाराष्ट्र मंडळात पोस्टर करणारी मुलं इथेच वाढलेली. देवनागरी वाचता येत नाही म्हणून मजकूर कॉपी-पेस्ट करतात आणि फाँट बदलताना एखादी ओळ अर्धीच पेस्ट होते. त्यांना ती ओळ अर्धी आहे हे कळणार कसं? आम्ही आता मजकुराच्या प्रत्येक ओळीला क्रमांक देतो, ओळी मोजून घेतल्या की निदान हरवलेली ओळ सापडते. तुमच्याकडे निदान मुलाला वाचता येतं!

कोल्हापुरी_ठेचा
माझा प्रश्न जरा वेगळाय. मोबाइलवर चित्र मोठं केलं की अक्षरं फाटल्यासारखी दिसतात. पोस्टरवरही तशीच येणार का? डिझायनर म्हणतो, "नाही हो, प्रिंटला क्लिअर येतंय."

फ्लेक्सदादा
ठेचादादा, बहुतेक वेळा तो खरं बोलतो. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना दाबून लहान करतं, साधारण लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. ए-थ्रीची लांब बाजू साडेसोळा इंच. म्हणजे इंचाला शंभरपेक्षाही कमी ठिपके, आणि हातात धरून वाचायच्या पोस्टरला तीनशे लागतात. तपासायला ते चित्र चालतं, छापायला नाही. भानगड कधी होते, तर घाईत कुणीतरी तेच व्हॉट्सअ‍ॅपचं चित्र प्रेसला पुढे ढकलतं. म्हणून तपासायलाही पीडीएफ मागा, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. बारीक अक्षरांतला अनुस्वार आणि रफार दाबलेल्या चित्रात नीट दिसत नाहीत, आणि नेमके तेच तपासायचे असतात.

पीडीएफ आली की झेरॉक्सवाल्याकडून एक काळी-पांढरी प्रत काढा. लाल पेन घ्या. पडद्यावर न दिसणारं कागदावर दिसतं. रंग नसला की पिवळ्यावर पांढरं लिहिलेली ओळ कशी गायब होते तेही कळतं.

पिंट्या_१९
काळी-पांढरी प्रत दोन रुपयात होते. फ्लेक्सचा दर कुणी सांगेल का?

वाचनालयाचा_गडी
पिंट्या, दर तुला व्यनि करतो बाबा.

बाकी, एक अडचण झाली. इथल्या दुरुस्त्या मी सचिवांना पाठवल्या आणि त्यांनी त्या डिझायनरला फोनवर सांगून टाकल्या. दुसरं चित्र आलंय. शुक्रवार झालाय, दिन सुधारलाय, शीर्षक 'मराठी भाषा गौरव दिन' झालंय, ज्येष्ठ कवयित्री झालंय, कविसंमेलन, आणि, प्रज्वलन, विनीत, सगळं बरोबर. दुसऱ्यासुद्धा! आता ओके देऊ ना?

खिळेजुळारी
देऊ नका. सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या का एवढंच तुम्ही बघितलंत. न सांगितलेलं काय बदललं ते बघा. दुरुस्ती करताना माणूस ओळ पुसून नव्याने लिहितो, आणि नवी चूक तिथेच होते. फेरतपासणी नेहमी पहिल्या ओळीपासून. फोन नंबरचे आकडे मोजा.

वाचनालयाचा_गडी
नऊ आहेत.

नलूमावशी
😂😂

मोडीवाचक
खिळेजुळारींना ज्योतिष येतं असं दिसतंय.

खिळेजुळारी
ज्योतिष नाही हो. शीर्षक लांबीने कमी झालं, मग सगळी मांडणी हलली असणार, मग खालची ओळ बसवताना हात लागला असणार. फोन नंबर तपासायची एकच खात्रीची रीत: पोस्टरवर बघून प्रत्यक्ष फोन लावा. पाठ असलेला नंबर वाचून तपासू नका, पाठ असेल तर तुम्ही तो आठवता, वाचत नाही.

आता दुसऱ्या चित्राची मांडणी बघतो. जरा दमाने सांगतो, कारण याकडे लोकांचं लक्षच जात नाही.

एक, अध्यक्षांच्या नावाची ओळ मोडलीय. 'ज्येष्ठ कवयित्री श्रीमती' एका ओळीत आणि नाव खालच्या ओळीत, आणि नावाच्या शेजारी लगेच 'प्रमुख पाहुणे' सुरू होतं. लांबून वाचणाऱ्याला अध्यक्षाच प्रमुख पाहुण्या वाटतील. पदवी आणि नाव एकाच ओळीत राहिलं पाहिजे, त्यासाठी अक्षर थोडं लहान करावं लागलं तरी चालेल.

दोन, 'दुसऱ्या सत्रात' आणि त्याखालची ओळ इतकी जवळ आलीय की वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीत घुसलाय. इंग्रजीत ओळी जवळ आणल्या तरी खपतं, देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. हे मोबाइलवर काळ्या ठिपक्यासारखं दिसतं, म्हणून कुणी लक्ष देत नाही.

तीन, 'कविसंमेलन' हा शब्द रुंद दिसावा म्हणून अक्षरांमध्ये अंतर टाकलंय. शिरोरेखा तुकड्या-तुकड्यांत तुटलीय, बघा. रुंद हवा असेल तर अक्षराचा आकार वाढवायला सांगा, अंतर नको.

फ्लेक्सदादा
तिसऱ्यात भर. त्याच शब्दाला पांढरी किनार दिलीय आणि काना जिथे अक्षराला जोडला जातो तिथे किनारीची रेघ आत आल्यासारखी दिसतेय. मजकूर कर्व्ह केला, म्हणजे कोरलमध्ये Ctrl+Q दाबून अक्षरांचं चित्र केलं, की प्रत्येक तुकडा वेगळा असतो आणि किनार प्रत्येक तुकड्याला लागते. आधी तुकडे वेल्ड करायचे, मग किनार. एवढंच सांगा त्याला, कळेल.

कर्व्हवरून आठवलं. प्रेसला फाइल जाण्याआधी कर्व्ह झालीच पाहिजे. तिकडच्या मशीनवर तो फाँट नसेल तर तुमच्या मजकुराच्या जागी भलतीच अक्षरं येतात. आणि कर्व्ह झाल्यावर मजकूर टाइप करून सुधारता येत नाही, म्हणून 'एक छोटीशीच दुरुस्ती' शेवटच्या क्षणी सांगितली की डिझायनर तोंड वाकडं करतो.

गणिताची_बाई
अवांतर वाटेल, पण पोस्टरला कडेने सोनेरी चौकट आहे ना? ती कागदाच्या कडेच्या फार जवळ दिसतेय. शाळेच्या प्रमाणपत्रांवर आमचा हाच घोळ व्हायचा. समजा चौकट कडेपासून ४ मिलिमीटरवर आहे आणि कटिंग १ मिलिमीटर सरकलं, की एका बाजूला ३ आणि समोरच्या बाजूला ५ उरतात. डोळ्याला ते लगेच तिरकं दिसतं. चौकट १० मिलिमीटर आत घेतली तर तेच १ मिलिमीटर कुणाला दिसतही नाही.

फ्लेक्सदादा
बाई, अगदी बरोबर. आणि मागचा रंग कडेच्या बाहेर ३ मिलिमीटर जास्त ठेवायचा, म्हणजे कापल्यावर पांढरी रेघ राहत नाही. हे डिझायनरला माहीत असतं, पण विचारावं.

फाटकावरच्या फ्लेक्सचं गणित मात्र वेगळंय. तो लाकडी चौकटीवर ताणून कडा मागे दुमडतात आणि खिळे मारतात. चारही बाजूंनी दोन-तीन इंच पोटात जातात. तुमच्या पोस्टरवर सगळ्यात खाली फोन नंबर आणि क्यूआर आहे. हीच फाइल मोठी करून फ्लेक्सला दिली तर ते दोन्ही दुमडीत जातील. फ्लेक्ससाठी खालचा मजकूर वर घ्यायला सांगा, किंवा कडेने तीन इंच रिकामं ठेवून वेगळी फाइल करा. वेगळी फाइल केलीत तर तीही वेगळी तपासा!

रोखठोक_राव
म्हणजे शंभर रुपयांच्या पोस्टरला पाच फेऱ्या. डिझायनर बिचारा पळून जाईल.

फ्लेक्सदादा
पळून जातो तो वेगळ्या कारणाने. पाच माणसं पाच वेळा पाच व्हॉइस मेसेज पाठवतात, एक म्हणतो मथळा लाल करा, दुसरा म्हणतो निळा. मला एकाच माणसाने एकदाच टाइप केलेली यादी पाठवली, 'आहे ते' आणि 'हवं ते' अशी, वर चित्रावर लाल गोल करून, तर दहा मिनिटांचं काम आहे. आणि एक सांगतो, 'ओके' लिहून आलं की पुढची जबाबदारी गिऱ्हाइकाची, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. अंगठ्याच्या खुणेलाही आम्ही ओकेच समजतो.

शुद्धलेखन_सैनिक
हे अन्यायाचं आहे. 'दनि' ही तांत्रिक चूक तुमची, मग ओके आलं म्हणून गिऱ्हाइकाने का भरावं?

फ्लेक्सदादा
पहिल्या चित्रातली असेल तर मी दुरुस्त करतो, पैसे न घेता. छापून झाल्यावर कागद माझ्या खिशातून जातो का?

शुद्धलेखन_सैनिक
निम्मा जावा.

फ्लेक्सदादा
निम्म्याची भाषा सगळे करतात. देत कुणी नाही.

वाचनालयाचा_गडी
भांडू नका. 😀 आता यादी मीच पाठवतो, सचिवांना सांगितलंय. एक शंका राहिली. प्रमुख पाहुणे स्वतःचं नाव 'विष्णु' असं ऱ्हस्व लिहितात. डिझायनरने दुसऱ्या चित्रात ते दीर्घ करून टाकलंय. बहुतेक सचिव फोनवर 'सगळं शुद्ध कर' म्हणाले असावेत.

शुद्धलेखन_सैनिक
नियमाने दीर्घच. विष्णू.

खिळेजुळारी
नाव ज्याचं त्याने जसं लिहिलं तसं. त्यांच्या पुस्तकावर, त्यांच्या पत्रावर ऱ्हस्व असेल तर पोस्टरवर ऱ्हस्व. नावाला शुद्धलेखन लावायचा अधिकार मुद्रित तपासणाऱ्याला नाही.

मोडीवाचक
मी इथे सैनिकांच्या बाजूने. विशेषनाम असलं तरी मराठीत लिहिताना मराठीचे नियम. इंग्रजीत सही कशीही करोत.

नलूमावशी
त्यांना फोन करून विचारा की हो! जिवंत माणूस आहे.

वाचनालयाचा_गडी
विचारलं. म्हणाले, "ऱ्हस्व. आणि माझा फोटो तो दाढीचा नको."

तिसरी प्रत आलीय, पीडीएफ. सचिवांनी मूळ मजकूर मोठ्याने वाचला, मी बोट ठेवून जुळवला. फोन लावला, सचिवांच्या खिशात वाजला. क्यूआर छापील कागदावरून स्कॅन केला, यंदाचा फॉर्म उघडला. अध्यक्षांचं नाव एका ओळीत आलंय, शिरोरेखा सलग आहे, चौकट आत गेलीय. फ्लेक्सची फाइल वेगळी. आता तरी?

खिळेजुळारी
५० एकदम मारायला सांगू नका. आधी एक काढून दाखव म्हणावं. डिजिटल मशीन असेल तर एकच काढायला फारसा खर्च नाही. रंग आणि कडा त्यातच कळतील.

गणिताची_बाई
मी मगासपासून एक बघतेय. तुम्ही सगळे जे लिहिलंय ते बरोबर आहे का बघताय. जे लिहायचं राहिलंय ते कोण बघणार? बक्षिसं घ्यायला मुलं येणार, सोबत पालक येणार. दुसरं सत्र किती वाजता? साडेपाचला कविसंमेलन सुरू झालं तर पोरं सव्वासातपर्यंत ताटकळणार का? आणि प्रवेश सर्वांना खुला आहे की फक्त सभासदांना? कुठेच लिहिलेलं नाही.

वाचनालयाचा_गडी
बाई… मूळ मजकुरातच नाहीये ते. आम्ही दोघांनी आत्ता अक्षर अक्षर जुळवलं आणि सगळं जुळलं!

दुसरं सत्र सात वाजता, प्रवेश सर्वांना. थांबा, डिझायनरला फोन लावतो.

फ्लेक्सदादा
फोन नको. टाइप करा.